जुन्या मॅनेजरला रेफरन्ससाठी मेसेज कसा टाकायचा, आणि नवीन नोकरीबद्दल त्यात काय काय लिहायचं

"सर कसे आहात? एका ठिकाणी तुमचं नाव रेफरन्सला दिलंय, कॉल आला तर प्लीज सांभाळून घ्या 🙏"

अप्रेझलची लेटर्स हातात पडली की पुढचे दोनतीन महिने मला असे मेसेज यायला लागतात. मी चाकण साईडला ऑटो पार्ट्सच्या कंपन्यांमध्ये क्वालिटीत काम करतो, टीममधली पोरं येतात, शिकतात, पुढे जातात, आणि मग दोनतीन वर्षांनी त्यांचा असा मेसेज येतो. माणूस चांगला असतो, काम चांगलं केलेलं असतं, मला मदत करायचीच असते. पण ह्या मेसेजवरून मला कळत काहीच नाही. कुठली कंपनी, कुठली पोस्ट, कॉल कोण करणार, कधी करणार, आणि सांभाळून घ्या म्हणजे नेमकं काय लपवायचंय बाबा?

मग दुपारी गेटवर मटेरियल अडकलेलं असताना अनोळखी नंबरवरून फोन येतो, पलीकडची मुलगी विचारते की ह्या कँडिडेटने सप्लायर स्वतंत्रपणे हँडल केलेत का, आणि मी आपला "हो, म्हणजे, चांगली होती ती, सिन्सियर होती" एवढंच बोलतो. असं गुळमुळीत बोलणं म्हणजे निगेटिव्हच. एचआरवाले रोज असे कॉल करतात, त्यांना मोघम उत्तर लगेच कळतं.

तर हा मेसेज कसा करायचा ते नीट सांगतो. उदाहरण म्हणून माझ्या टीममध्ये तीन वर्षं काम केलेल्या एका मुलीने मला केलेले मेसेज घेतो, तिने हे फार शिस्तीत केलं होतं. तिची आणि कंपन्यांची नावं गाळतोय आणि शब्द थोडे इकडेतिकडे केलेत.

आधी ठरवा: रेफरन्स की व्हेरिफिकेशन

आपल्याकडे ह्या दोन गोष्टींची कायम भेसळ होते. एक असतं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, सगळे बीजीव्ही म्हणतात ते. बाहेरची एजन्सी तुमच्या जुन्या कंपनीच्या एचआरला मेल करून जॉइनिंग डेट, लास्ट वर्किंग डे, डेझिग्नेशन, एम्प्लॉयी कोड, सोडायचं कारण, परत घ्याल का, एवढं विचारते, कधी पगारही. हे बहुतेक वेळा ऑफरनंतर होतं आणि त्यात मॅनेजरचा रोल कमी असतो, असला तर फॉर्मवर त्याचं नाव आणि ऑफिशियल मेल आयडी टाकायला लागतो. दुसरा म्हणजे खरा रेफरन्स कॉल. नवीन कंपनीचा एचआर किंवा तुमचा होणारा बॉस स्वतः फोन करतो, दहापंधरा मिनिटं बोलतो आणि काम कसं होतं ते विचारतो. हा शेवटच्या राउंडनंतर येतो, ऑफरच्या थोडं आधी.

मेसेज करायच्या आधी तुमच्या एचआरला सरळ विचारा, की कॉल करणार का मेल, कोण करणार, साधारण कधी, आणि जीमेलचा आयडी चालेल का. शेवटचा प्रश्न बारीक वाटतो पण तिथेच गाडी अडकते, कारण बऱ्याच एजन्सींना कंपनीचाच मेल आयडी लागतो आणि तुमचा मॅनेजर तोवर दुसरीकडे गेलेला असतो. अशा वेळी त्याचं लिंक्डइन प्रोफाइल आणि तेव्हाचं डेझिग्नेशन दिलं तर चालेल का हे एचआरकडून मेलवर लेखी घेऊन ठेवा. तोंडी "हो चालेल" म्हणणारा रिक्रूटर महिन्याभराने स्वतःच कंपनी सोडून गेलेला असतो.

कुणाला मागायचा

ज्याने तुमचं काम रोज बघितलंय त्याला. प्लांट हेडचं नाव भारी दिसतं म्हणून लोक ते देतात, आणि प्लांट हेडला तुमचा चेहरा आठवतो पण काम आठवत नाही. त्यापेक्षा तुमचा सेक्शन इनचार्ज, जो तुमच्यासोबत रात्री अकराला कस्टमरच्या लाईनवर सॉर्टिंगला उभा होता, तो दहापट कामाचा.

आणि सध्याच्या मॅनेजरला अजून माहीत नसेल तर त्याचं नाव कुठल्याही फॉर्मवर टाकू नका. फॉर्ममध्ये तो कॉलम कंपल्सरी असेल तर एचआरला स्पष्ट लिहा की ह्यांना रेझिग्नेशन दिल्यानंतरच कॉन्टॅक्ट करा. म्हणून तर जुना मॅनेजर लागतो.

आमच्या भागातली एक गंमत अशी की इथे सगळे एकमेकांचे सप्लायर किंवा कस्टमर. तुम्ही जिथे चाललाय ती कंपनी तुमच्या जुन्या मॅनेजरची कस्टमर निघू शकते, किंवा थेट कॉम्पिटिटर. कस्टमर असेल तर त्याला बोलणं अवघड जातं आणि कॉम्पिटिटर असेल तर कधीकधी अशक्यच. म्हणून कंपनीचं नाव पहिल्याच मेसेजमध्ये सांगा. "एक एमएनसी आहे सर" असं गूढ ठेवू नका. नाव सांगायची भीती वाटत असेल तर तो माणूस रेफरन्ससाठी चुकीचा आहे असं समजा.

पहिला मेसेज: फक्त विचारायचं

दोन मेसेज करायचे. पहिल्यात परवानगी मागायची, तो हो म्हटला की दुसऱ्यात डिटेल द्यायचे. सगळं एकदम पाठवलं की समोरच्याला वाटतं हिने ठरवूनच टाकलंय, आता नाही कसं म्हणू, आणि मनाविरुद्ध हो म्हटलेला माणूस फोनवर तसंच मनाविरुद्ध बोलतो.

तिचा पहिला मेसेज साधारण असा होता:

> नमस्कार सर, मी (नाव), 2019 ते 2022 तुमच्या टीममध्ये इनकमिंग क्वालिटीला होते. सध्या (कंपनी), रांजणगाव इथे सप्लायर क्वालिटी इंजिनियरच्या पोस्टसाठी इंटरव्ह्यू दिलेत, शेवटचा राउंड झालाय. त्यांना जुन्या रिपोर्टिंग मॅनेजरचा रेफरन्स हवाय. कास्टिंग सप्लायरचं काम मी तुमच्याकडेच शिकले म्हणून तुम्हाला विचारतेय. त्यांच्या एचआरचा एक कॉल येईल, दहापंधरा मिनिटांचा, पुढच्या आठवड्यात. तुम्हाला जमेल का? कंपनीच्या पॉलिसीमुळे किंवा इतर काही कारणाने जमणार नसेल तर तसं सांगा सर, मी दुसऱ्या कुणाला विचारेन, काहीच अडचण नाही. तुम्ही हो म्हटल्याशिवाय नंबर देणार नाही.

बघा, "ओळखलंत का सर" वगैरे नाही. नाव, कुठलं वर्ष, कुठलं डिपार्टमेंट, झालं. मॅनेजरच्या हाताखालून बरीच माणसं गेलेली असतात आणि व्हॉट्सॲपवर डीपीला बाळाचा फोटो असतो, ओळखणार कसं.

दुसरं म्हणजे तिने नाही म्हणायला रस्ता ठेवला, तोही कारणासकट. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत मॅनेजरने परस्पर रेफरन्स द्यायचा नाही, सगळं एचआरकडे पाठवायचं असा नियम असतो. तो पॉलिसीचं कारण देऊन सुटू शकतो, मग खरं कारण काहीही असो. कुणी "बघू", "सध्या जरा बिझी आहे", "एचआरला विचार ना" असं काही म्हटलं तर ते नाहीच समजा आणि थँक्यू म्हणून विषय सोडा. मागे लागून मिळवलेला रेफरन्स महागात पडतो.

कधी पाठवायचा हेही बघा. महिनाअखेर डिस्पॅचची मारामारी असते आणि मार्च एंडला तर विचारूच नका. त्यांच्याकडे कस्टमर ऑडिट चालू आहे असं कळलं तरी थांबा. महिन्याच्या मधल्या आठवड्यात, संध्याकाळी साडेसहा-सातनंतर, म्हणजे माणूस कंपनीच्या बसमध्ये किंवा ट्रॅफिकमध्ये निवांत मोबाईल बघत असतो तेव्हा. जुन्या टीमच्या ग्रुपवर तर चुकूनही टाकू नका. तुम्ही जॉब बघताय हे संध्याकाळपर्यंत भोसरीपर्यंत पोचलेलं असतं.

भाषा तीच ठेवा जी तेव्हा होती. ऑफिसात सर म्हणत होता तर सर, मॅडम तर मॅडम, एकेरी नावाने हाक मारायचं कल्चर होतं तर तसंच. मॅनेजर मराठी नसेल तर हेच सगळं इंग्रजीत किंवा हिंदीत, मजकूर बदलत नाही. वर्षानुवर्षं बोलणं नसेल तर आधी फोन करून दोन मिनिटं बोला, मग मेसेज.

दुसरा मेसेज: इथे खरं काम आहे

हो म्हटल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी हा पाठवायचा. लोक इथे काय करतात तर जेडीची लिंक आणि रेझ्युमेची पीडीएफ फेकतात. लिंक लॉगिन मागते नाहीतर पोस्ट बंद झालेली असते, आणि तुमचा दोन पानी रेझ्युमे मोबाईलवर झूम करून वाचायला कुणाला वेळ आहे? पीडीएफ जोडा, पण मॅनेजरला लागणारं सगळं मेसेजमध्येच असलं पाहिजे, कारण कॉल आला की तो तेवढंच उघडून बघणार.

तिचा दुसरा मेसेज:

> सर खूप थँक्यू. कॉलच्या वेळी हाताशी असावं म्हणून थोडक्यात लिहिते.
>
> पोस्ट: सप्लायर क्वालिटी इंजिनियर, ब्रेक पार्ट्सची कंपनी. अंदाजे 14 सप्लायर माझ्याकडे येतील, बहुतेक ॲल्युमिनियम आणि सीआय कास्टिंगचे. आठवड्यातून दोन दिवस कोल्हापूरच्या फाउंड्रीत जावं लागेल. रिपोर्टिंग सप्लायर क्वालिटीच्या मॅनेजरला, टीम नाही, एकटीनेच हँडल करायचंय.
>
> त्यांचा भर कशावर आहे: इंटरव्ह्यूत तीनदा विचारलं की सप्लायर ऐकत नसेल तर काय करता. आणि नवीन पार्टच्या अप्रूव्हलचं पीपॅप एकटीने केलंय का.
>
> तुम्हाला आठवण म्हणून: 2021 मध्ये पंप हाऊसिंगच्या कास्टिंगमध्ये पोरॉसिटीमुळे लीक टेस्टला रिजेक्शन येत होतं, तुम्ही मला सप्लायरकडे आठवडाभर बसवलं होतं. डायचे एअर व्हेंट प्रत्येक शिफ्टला साफ करायचं चेकशीट तेव्हा आपण लावलं आणि रिजेक्शन साधारण 4 टक्क्यांवरून 1 च्या खाली आलं. 8डी रिपोर्ट मी लिहिला होता, तुम्ही दोनदा परत पाठवला होता 🙂 पीपॅपच्या फाइल्स पहिल्या वर्षी तुमच्यासोबत केल्या, नंतर तीन पार्टचं मी एकटीने केलं.
>
> सोडायचं कारण त्यांना मी सांगितलंय: घरच्यांची नाशिकला बदली झाली म्हणून. कमी काय आहे विचारलं तेव्हा रिपोर्ट वेळेत क्लोज करण्यात मी मागे पडायचे हे सांगितलंय, तुम्हाला जे वाटतं ते तुम्ही मोकळेपणाने सांगा.
>
> कॉल (नाव) मॅडम करतील, एचआर, नंबर (नंबर). सोमवार ते बुधवार, तुम्हाला कुठली वेळ सोयीची ते सांगा, मी त्यांना कळवते.

हा वाचल्यावर मला ते कास्टिंग, तो सप्लायर, त्याचा तो भांडकुदळ प्रॉडक्शन इनचार्ज, सगळं डोळ्यासमोर आलं. आणि फोनवर विचारलं की सप्लायर हँडल करेल का, तर मी चांगली आहे असं न म्हणता तो किस्साच सांगितला, की सप्लायर म्हणत होता प्रॉब्लेम तुमच्या मशीनिंगमध्ये आहे, ही पोरगी तिथेच थांबली, प्रत्येक शिफ्टचे पार्ट कापून आतून दाखवले, तेव्हा तो मानला. हे तिच्या मेसेजमध्ये नव्हतं, मलाच आठवलं. मेसेजचं काम तेवढंच, आठवण जागी करायची. काय बोलायचं ते लिहून द्यायचं नाही. "सर तुम्ही असं सांगा" असं वाक्य दिसलं की डोकं सटकतं, आणि पाठ केलेलं वाक्य एचआरला पण ऐकू येतं.

आता ह्यातला एकेक भाग बघू.

पोस्टबद्दल लिहिताना टायटलवर थांबू नका. सप्लायर क्वालिटी इंजिनियर म्हणजे एका कंपनीत गेटवर बसून लॉट चेक करणारा आणि दुसऱ्या कंपनीत गावोगाव फिरून ऑडिट करणारा. म्हणून किती सप्लायर, कुठल्या प्रकारचे, प्रवास किती, वर कोण आणि खाली कोण, हे सांगायचं. आधीपेक्षा पोस्ट मोठी असेल तर ते तर हमखास लिहा, कारण "आधी टीम नव्हती, आता चार जण रिपोर्ट करणार, जमेल का त्याला" हा प्रश्न येतोच, आणि मॅनेजरला तो पहिल्यांदा फोनवरच कळला तर तो दोन सेकंद गप्प होतो. ते दोन सेकंद पुरतात. सीटीसी सांगायची गरज नाही, त्याचा काही संबंध नाही आणि उगाच तुलना डोक्यात जाते.

त्यांचा भर कशावर आहे ही माहिती जेडीत मिळत नाही, ती इंटरव्ह्यूत मिळते. जो प्रश्न त्यांनी फिरवून फिरवून विचारला तीच त्यांची शंका असते आणि रेफरन्स कॉलवर तीच तपासणार. इंटरव्ह्यू संपला की रिक्षात बसल्याबसल्या प्रश्न नोट करून ठेवा, इथे कामाला येतात.

आठवणीच्या भागात दोन, फार तर तीन गोष्टी. मॅनेजरने स्वतः बघितलेल्याच. तुम्ही नंतरच्या कंपनीत काय पराक्रम केला ते त्याला सांगून उपयोग नाही, तो त्याची साक्ष देऊ शकत नाही. आकडे साधारण लिहा आणि खरे लिहा, वाढवलेला आकडा मॅनेजरला लगेच खटकतो कारण मंथली रिव्ह्यूला तोच आकडा घेऊन तो उभा असायचा. आणि जुन्या कंपनीचे रिपोर्ट, ड्रॉइंग, 8डीची कॉपी असलं काही जोडू नका. ते तुमच्याकडे अजून आहे हाच वेगळा इश्यू होतो.

सोडायचं कारण आणि कमी बाजू, हे दोन्ही प्रश्न जवळपास प्रत्येक कॉलवर असतात आणि सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. तुम्ही इंटरव्ह्यूत सांगता फॅमिली रिझन, आणि मॅनेजर भाबडेपणाने सांगतो की अप्रेझलवरून नाराज होती. दोन्ही खरं असेलही, पण समोरच्याला वाटतं काहीतरी लपवलंय. म्हणून तुम्ही काय सांगितलंय ते मॅनेजरला कळवा. तो खोटं बोलणार नाही हे गृहीत धरा, म्हणून इंटरव्ह्यूत पण तेच सांगा जे तो मान डोलावून ऐकेल. भांडून सोडलं असेल, नोटीस पिरियड न भरता निघाला असाल, तर ते आधी त्या मॅनेजरशी फोनवर बोला, मेसेजवर नको. आणि बोलल्यावर वाटलं की अजून राग आहे, तर दुसरा माणूस शोधा.

कमी बाजू तुम्ही स्वतः लिहिली की मॅनेजरचा जीव भांड्यात पडतो, कारण "तिच्यात काहीच कमी नाही" असं म्हणणाऱ्या रेफरन्सवर कुणी विश्वास ठेवत नाही आणि काहीतरी भलतंच निघून गेलं तर तुमचं नुकसान. तिने रिपोर्टचं लिहिलं होतं, मी पण तेच सांगितलं, वर हेही सांगितलं की शेवटच्या वर्षी सुधारणा होती. फक्त एक बघा, तुमची कमी बाजू ही त्या पोस्टचं मुख्य कामच असायला नको. सप्लायरशी बोलायला कचरते असं सप्लायर क्वालिटीच्या पोस्टसाठी मॅनेजर म्हणणार असेल, तर प्रॉब्लेम मेसेजचा नाहीये, ती पोस्ट घ्यायची का हाच विचार करायला हवा.

शेवटची ओळ, कॉल कोण करणार आणि कुठल्या नंबरवरून. हल्ली अनोळखी नंबर कोण उचलतं? लोन आणि क्रेडिट कार्डवाल्यांनी सगळ्यांना वैताग आणलाय, ट्रूकॉलरवर लाल दिसला की कट. नंबर आधी दिला तर मॅनेजर सेव्ह करून ठेवतो. नंबर मिळत नसेल तर निदान वेळ ठरवून द्या, "मंगळवारी चार ते पाच, पुण्याचा लँडलाइन नंबर असेल" एवढं सांगितलं तरी चालतं. मेल येणार असेल तर एजन्सीचं नाव कळवा आणि स्पॅममध्ये बघायला सांगा, कंपनीचे सर्व्हर असले मेल बिनदिक्कत अडवतात.

पाठवल्यावर

पहिल्या मेसेजला दोन दिवस उत्तर नाही आलं तर एकदा फोन, तोही उचलला नाही तर एक ओळ, "सर घाईत असाल, जमलं तर कळवा, मी शुक्रवारपर्यंत थांबते". त्यानंतर नाही. निळ्या टिका दिसल्या आणि उत्तर नाही म्हणजे काय ते समजून घ्या.

दुसरा माणूस आधीच मनात धरून ठेवा. तो जुन्या कंपनीतला वेगळ्या डिपार्टमेंटचा मॅनेजर असू शकतो, परचेस किंवा प्रॉडक्शनचा, ज्याच्यासोबत तुमचं रोजचं काम होतं. फॉर्मवर नातं लिहिताना मात्र सरळ तसंच लिहा, रिपोर्टिंग मॅनेजर म्हणून खपवू नका, कारण पहिला प्रश्नच असतो की हे तुम्हाला डायरेक्ट रिपोर्ट करायचे का.

कॉल झाला की मॅनेजर बहुतेक वेळा "झाला कॉल" असा मेसेज टाकतो. तेव्हा "काय विचारलं सर, तुम्ही काय सांगितलं" अशी उलटतपासणी घेऊ नका, थँक्यू म्हणा, त्याला वाटलं तर तो स्वतः सांगेल. आणि रिझल्ट कळवा, झालं तरी आणि नाही झालं तरी. कळवतात फार थोडे. तीच पोस्ट गेली आणि महिन्याभराने दुसऱ्या कंपनीसाठी परत त्याचंच नाव द्यायचं असेल, तर परत विचारा, जुनं हो गृहीत धरू नका, आणि पोस्टचा भाग नव्याने लिहा. तिथला भर वेगळ्या गोष्टीवर असतो, मग आठवणीचा किस्साही बदलावा लागतो. पुढच्या वेळी तिने ऑडिटवाली पोस्ट धरली तर मला पोरॉसिटी नाही, ती सप्लायरच्या कॅलिब्रेशन रेकॉर्डमधल्या चुका कशा काढायची ते आठवायला हवं.